पण यात तू नेमकं काय केलंस?

ताई, मी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला चार वर्षं आहे, आता टीम लीडच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देतेय. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट अशी मांडणी करून दहा उत्तरं लिहिली आणि पाठ केली. तरी दोन ठिकाणांहून एकच फीडबॅक, "कँडिडेटचा स्वतःचा रोल क्लिअर झाला नाही." माझ्या कामात आकडे पण फारसे नसतात. आणि पाठ केलेला प्रश्न कधी येतच नाही, भलताच येतो. माझं सगळ्यात चांगलं उत्तर खाली देतेय, काय चुकतंय सांगशील का?

"सेलनंतर आमच्याकडे रिफंडचा बॅकलॉग खूप वाढला होता, कस्टमर चिडलेले होते आणि टीमवर प्रेशर होतं. बॅकलॉग क्लिअर करणं हा आमचा टास्क होता. आम्ही सगळ्यांनी मिळून वेअरहाऊसशी कोऑर्डिनेट केलं, रोज फॉलोअप घेतला, प्रोसेस इम्प्रूव्ह केली. शेवटी बॅकलॉग बराच कमी झाला आणि मॅनेजरने कौतुक केलं."

– रिफंडमध्ये अडकलेली

अगं रिफंडवाली, तुझं उत्तर वाचताना मी फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या. कोऑर्डिनेट केलं, फॉलोअप घेतला, प्रोसेस इम्प्रूव्ह केली. आता यातलं एक तरी डोळ्यासमोर येतंय का बघ. कोण कुठे बसलंय, कुणाला फोन लावतंय, कुठली फाइल उघडतंय, काहीच दिसत नाही. आणि अजून एक टेस्ट, तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी हेच उत्तर एकही शब्द न बदलता देऊ शकते का? आरामात देऊ शकते. मग समोरच्याला तुझा रोल कसा दिसणार, तो त्यात नाहीचे.

मी बऱ्याच इंटरव्ह्यू पॅनलवर बसलेय म्हणून समोरच्या बाजूला काय चालू असतं ते सांगते. आमच्या हातात एक फॉर्म असतो, त्यात तीन-चार गुण लिहिलेले असतात, म्हणजे जबाबदारी घेणं, मतभेद हाताळणं, निर्णयक्षमता असलं काहीतरी, आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा आणि रेटिंग. त्या रिकाम्या जागेत "मुलगी हुशार वाटली" असं लिहून चालत नाही, तिने काय केलं ते लिहायचं असतं, आणि नंतर बाकीच्या पॅनलसमोर ते वाचूनही दाखवावं लागतं. तुझं उत्तर ऐकून मी तिथे काय लिहिणार? "टीमने फॉलोअप घेतला." संपलं. म्हणजे तुला रिजेक्ट केलं ते तू आवडली नाहीस म्हणून असेलच असं नाही, बऱ्याचदा तुझ्या बाजूने बोलायला कागदावर काही नसतं एवढंच कारण असतं.

या सगळ्याचं मूळ पण गमतीशीर आहे. जॉन फ्लॅनगन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हवाई दलासाठी काम करत होता, तिथे लढून आलेल्या लोकांना "चांगला ऑफिसर कसा असतो" असं न विचारता "एखादा प्रसंग सांगा, त्याने तेव्हा नेमकं काय केलं" असं विचारायचे. कारण "कसा असतो" विचारलं की सगळे विशेषणं देतात, धाडसी, शांत, समजूतदार, आणि त्यातून हाताला काही लागत नाही. 1954 साली त्याने ही पद्धत पेपर लिहून मांडली. पुढे 1970 च्या दशकात डीडीआय या कंपनीने प्रसंग विचारून मुलाखत घ्यायची पद्धत कंपन्यांना शिकवायला सुरुवात केली आणि सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची स्टार ही चार अक्षरं तिकडून पसरली. सांगायचा मुद्दा, ही चार अक्षरं मुळात मुलाखत घेणाऱ्याला पुरावा गोळा करता यावा म्हणून आहेत. आपण मात्र ती निबंधाच्या चार परिच्छेदांसारखी वापरतो, चारही समान लांबीचे, आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता तुझी गोष्ट. तुझं पत्र आल्यावर मी तुला उलट मेल करून खोदून खोदून विचारलं होतं, आठवतंय ना, आणि पहिल्या मेलला तू लिहिलंस "ताई, तसं विशेष काही नाही गं". मग तिसऱ्या मेलपर्यंत जे बाहेर आलं ते वाचून मी कपाळाला हात लावला, एवढं सगळं असताना ही मुलगी "फॉलोअप घेतला" म्हणतेय! तुझी परवानगी घेतलीच आहे म्हणून इथे मांडते, वाचणाऱ्यांना पण कळेल गोष्ट कुठे लपलेली असते.

झालं होतं असं. सात दिवसांत रिफंड देऊ असं कंपनी कस्टमरला सांगते, आणि सात दिवस उलटूनही अडकलेले 140 रिफंड साचले होते. तुला दिलेलं काम फक्त एवढंच होतं की या लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना शांत करायचं. कारण शोध असं तुला कुणीच सांगितलं नव्हतं. पण तेच तेच फोन घेऊन वैतागलीस आणि त्यातल्या 50 केसेस उघडून एकेक बघितल्यास. 50 पैकी 31 मध्ये एकच भानगड निघाली, माल परत आलेला होता, पण वेअरहाऊसमध्ये स्कॅन करताना कुरिअरचा पार्सल नंबर नोंदवत होते आणि रिफंडची सिस्टिम शोधत होती रिटर्न रिक्वेस्टचा नंबर. दोन्ही नंबर जुळेनात, म्हणून सिस्टिमला वाटत होतं माल आलाच नाही.

मग तू आयटीला विचारलंस, ते म्हणाले पुढच्या रिलीजमध्ये करू, म्हणजे सहा आठवडे. तू वेअरहाऊसच्या शिफ्ट सुपरवायझरला म्हणालीस की स्कॅन करताना दुसरा नंबर पण टाका, त्याने साफ नकार दिला, प्रत्येक पार्सलमागे वेळ जातो आणि त्याचं टार्गेट पार्सलच्या संख्येवर आहे. त्यावर तू त्याला मेल केलास आणि मॅनेजरला सीसी मध्ये टाकलंस, त्याने चिडून दोन दिवस फोनच घेतला नाही. (हा भाग तू मला सगळ्यात शेवटी आणि लाजत लाजत सांगितलास, याच्याकडे परत येऊ.) मग तू स्वतः त्याच्याकडे गेलीस, त्याचं काम बघत थांबलीस, आणि तुझ्या लक्षात आलं की तो रोज संध्याकाळी दिवसभराच्या स्कॅनची एक फाइल तशीही काढतोच. तू म्हणालीस, काही बदलू नका, फक्त ती फाइल मला पाठवा. कुरिअरकडून पार्सल नंबर आणि रिटर्न नंबर दोन्ही असलेली यादी तुमच्याकडे आधीच येत होती. रोज 40 मिनिटं बसून तू एक्सेलमध्ये दोन्ही याद्या लुकअप लावून जुळवायचीस आणि जुळलेले रिफंड टीमला सोडायला द्यायचीस.

140 पैकी 88 जुळले आणि आठवड्यात सुटले. तीन आठवड्यांनी या कारणाने अडकलेले फक्त 3 उरले होते, एकूण अडकलेले 41. पुढे आयटीने सिस्टिम दुरुस्त केली आणि तुझी शीट बंद झाली.

आणि ही बाई म्हणते माझ्या कामात आकडे नसतात. अगं 140, 50, 31, 88, 40 मिनिटं, सहा आठवडे, हे सगळं तुझ्या जुन्या शीटमध्ये आणि मेलमध्येच पडलेलं होतं, तू शोधायला गेली नव्हतीस इतकंच. गोष्टी आठवून लिहायच्या नसतात, उकरून काढायच्या असतात. गेल्या दोन वर्षांचं कॅलेंडर उघड, पाठवलेले मेल चाळ, बंद केलेली तिकिटं, अप्रेझलचा फॉर्म, स्वतः बनवलेल्या फाइल्स. नुसतं डोकं खाजवत बसलं की "टीमवर्क", "प्रेशर" असले शब्द येतात, आणि जुना मेल उघडला की "सुपरवायझर फोन घेत नाहीये" असली वाक्यं सापडतात. आपल्याला दुसरी हवीत. (कंपनीचे आतले आकडे किंवा ग्राहकांची नावं बाहेर सांगायची नसतील तर टक्क्यात सांग, "साधारण साठ टक्के केसेसमध्ये एकच कारण" असं म्हटलं तरी काम होतं.)

आता त्या चार अक्षरांत हे कसं बसवायचं. सिच्युएशन दोन-तीन वाक्यांत उरक. ऐकणाऱ्याला तुमची कंपनी, तुमची सिस्टिम, सेल कधी होता, टीममध्ये किती जण होते, यातलं काहीही नको असतं, त्याला फक्त पुढचं समजण्याइतकं हवं असतं. सात दिवसांचं वचन, 140 अडकलेले, बास. सगळ्यात जास्त लोक इथेच दीड मिनिट घालवतात कारण बॅकग्राउंड सांगणं सोपं असतं, त्यात स्वतःला उघडं पाडावं लागत नाही.

टास्क हा तर लोकांना कळलेलाच नसतो. तू लिहिलंस "बॅकलॉग क्लिअर करणं हा आमचा टास्क होता". तो टीमचा होता, तुझा नव्हता! तुझा होता फोन घेणं. आणि तुझ्या गोष्टीची खरी ताकद नेमकी या दोघांच्या मधल्या फटीत आहे, की सांगितलं होतं एक आणि तू स्वतःहून उचललंस दुसरं. टास्कमध्ये "टीमचं ध्येय काय" हे सांगू नकोस, "माझ्या वाट्याला काय होतं, माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं" हे सांग. वेअरहाऊसवर तुझा काही अधिकार नव्हता, आयटी तुझ्या हाताखाली नव्हतं, हे टास्कमध्ये आलं की पुढची प्रत्येक गोष्ट आपोआप वजनदार होते. टीम लीडच्या जागेसाठी तर हेच बघतात, अधिकार नसताना ही मुलगी काम कसं पुढे नेते.

अ‍ॅक्शन. इथे थोडं थांबू, कारण निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा, आणि इथेच लोक कामांची यादी वाचतात. आधी हे केलं, मग ते केलं, मग मीटिंग घेतली. "आम्ही" काढून "मी" घाल हा सल्ला तुला सगळीकडे मिळेल आणि तो चूक नाही, पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. "मी कोऑर्डिनेट केलं, मी फॉलोअप घेतला", झालं का काही क्लिअर? नाही ना. यादीच्या ऐवजी निर्णय शोध. गोष्टीत अशा जागा शोध जिथे तुझ्यापुढे दोन रस्ते होते आणि तू एक निवडलास, आणि का निवडलास. तुझ्या गोष्टीत मला अशा तीन जागा दिसतात. सगळ्या 140 केसेस न बघता आधी 50 बघितल्यास, का? कारण फोन तर चालूच होते, एका दुपारपेक्षा जास्त वेळ मिळणार नव्हता. आयटीची वाट न बघता हाताने जुळवणी सुरू केलीस, का? कारण सहा आठवडे थांबलं तर कस्टमर बँकेकडे तक्रार करायला लागले असते. सुपरवायझरवर वरून दबाव आणायचा नाद सोडून त्याच्याकडे आधीच असलेली फाइल मागितलीस, का? कारण त्याचं टार्गेट बिघडवणारं काहीही तो करणार नाही हे तुला तिथे उभं राहून कळलं. एका गोष्टीत असे दोन-तीन निर्णय कारणांसकट आले की पुरे, बाकी सगळं गाळ. मॅनेजरला रोज रिपोर्ट पाठवलास, ग्रुप बनवलास, ते नको, त्याने काही कळत नाही.

टीमने केलेलं स्वतःच्या नावावर खपवायचं असाही याचा अर्थ नाही हं. "जुळलेले रिफंड सोडायचं काम माझ्या दोन सहकाऱ्यांनी केलं, जुळवणी मी करत होते" असं सरळ म्हण. उलट असं म्हटलं की बाकीच्या "मी"वर पण विश्वास बसतो, कारण ही बाई जिथे स्वतः नव्हती तिथे नव्हते म्हणते हे दिसतं.

रिझल्टमध्ये "मॅनेजरने कौतुक केलं" हे कुणालाही लिहून घ्यावंसं वाटत नाही. तुझा मोह होईल "140 वरून 41 वर आणलं" असं म्हणायचा. आकडा झकास आहे पण यात एक खड्डा आहे. सेल संपल्यावर परत येणारा माल तसाही कमी होतो, म्हणजे काही न करताही बॅकलॉग थोडा उतरलाच असता. चांगला इंटरव्ह्यूअर हे विचारतोच, "हे तुमच्यामुळे झालं हे कशावरून?" आणि तिथे तू गडबडलीस की आधीच्या सगळ्या आकड्यांवर शंका येते. म्हणून तुझ्या कामाला चिकटलेला आकडा सांग. नंबर न जुळल्यामुळे अडकलेले 88 होते ते 3 वर आले. बाकीच्या कारणांचे, चुकीचे बँक डिटेल्स, तुटक्या मालाचे वाद, ते 52 होते आणि 38 उरले, त्यात माझा काही हात नाही. असं स्वतःहून म्हणालीस ना, की मी तरी पेन खाली ठेवून मान वर करते. आणि हो, आकड्याला "आधी किती" नसेल तर तो फुकट आहे, "3 वर आणले" याला एकट्याला काही अर्थ नाही.

खरंच आकडा नसेल अशीही कामं असतात. मग नंतर काय टिकलं ते सांग. तू बनवलेली चेकलिस्ट दुसऱ्या टीमने उचलली का, तीच तक्रार परत आली का, तू सुट्टीवर गेलीस तेव्हा ते काम चालू राहिलं का. ओढूनताणून "एफिशियन्सी तीस टक्के वाढली" मात्र म्हणू नकोस, तीस टक्के कसे मोजले या एका प्रश्नात हवा जाते.

सगळं जोडून बोललीस तर साधारण असं होईल, पाठ करू नकोस, नुसता अंदाज घे:

"आमची कंपनी सात दिवसांत रिफंड देते, पण एका सेलनंतर सात दिवस उलटलेले 140 रिफंड अडकले होते. माझं काम त्या कस्टमरचे फोन घेणं एवढंच होतं, वेअरहाऊस किंवा आयटीवर माझा अधिकार नव्हता. पण सगळे एकच तक्रार करत होते, माल परत दिला तरी पैसे नाहीत, म्हणून मला वाटलं कारण पण एकच असेल. सगळ्या केसेस बघायला वेळ नव्हता, म्हणून मी एका दुपारी 50 उघडल्या. 31 मध्ये वेअरहाऊसने नोंदवलेला नंबर आणि रिफंड सिस्टिमला हवा असलेला नंबर वेगळे होते. आयटीकडे गेले तर दुरुस्तीला सहा आठवडे लागणार होते, तेवढं थांबणं शक्य नव्हतं. मी वेअरहाऊसच्या सुपरवायझरला दोन्ही नंबर स्कॅन करायला सांगितलं, तो नाही म्हणाला. मी मॅनेजरला सीसी करून मेल टाकला, त्याने उलट तो माझ्याशी बोलेनासाच झाला. मग मी तिथे जाऊन त्यांचं काम बघितलं, तेव्हा कळलं की जास्तीच्या स्कॅनमुळे त्याचं टार्गेट चुकणार होतं, पण रोजच्या स्कॅनची फाइल तो तशीही काढतो. मी फक्त ती फाइल मागितली आणि कुरिअरच्या यादीशी जुळवणी मी स्वतः करायला लागले, रोज साधारण 40 मिनिटं. या कारणाने अडकलेले 88 रिफंड पहिल्या आठवड्यात सुटले, तीन आठवड्यांनी असे 3 उरले. बाकी कारणांचे काही होते, त्यावर माझं काम नव्हतं. नंतर आयटीने सिस्टिममध्येच दुरुस्ती केली आणि माझी शीट बंद झाली."

मोबाईलवर घड्याळ लावून बोलून बघ, दीड-दोन मिनिटांत होतं, फार तर अडीच. तीनच्या पुढे गेलं तर समोरच्याला मध्ये तोडावं लागतं आणि मग गोष्ट त्याच्या हातात जाते. बोललेलं रेकॉर्ड करून ऐक आणि एकच बघ, तुझं पहिलं "मी अमुक केलं" कितव्या सेकंदाला येतं. अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवं. इंटरव्ह्यूमध्ये पण एक खूण आहे, समोरच्याने "बरं, पण यात तुम्ही काय केलंत?" असं विचारलं तर समज अ‍ॅक्शन पोचली नाही, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर गोष्ट तिथेच सोड, माझा भाग एवढा होता असं सरळ दोन वाक्यांत सांग.

आणि खरा इंटरव्ह्यू बऱ्याचदा या दोन मिनिटांनंतर सुरू होतो. फक्त 50 का बघितल्या? सुपरवायझर नेमकं काय म्हणाला? तू सुट्टीवर असशील त्या दिवशी जुळवणी कोण करणार होतं? परत केलंस तर काय वेगळं करशील? पाठ केलेली उत्तरं इथे उघडी पडतात, कारण लिहिलेल्या ओळींच्या मागे काही नसतं. म्हणून वाक्यं पाठ करायची नाहीत, प्रसंग पाठ हवा. प्रत्येक गोष्टीसाठी कागदावर पाच-सहा शब्द लिही, तुझ्यासाठी "140, फोन, 50-31, सहा आठवडे, फाइल, 88-3", आणि रोज वेगळ्या शब्दांत सांग. मैत्रिणीला सांग आणि तिला म्हण मला मध्येच "का?" विचारत राहा. जिथे "का" ला उत्तर नाही तिथे परत जुने मेल उघड.

भलताच प्रश्न येतो त्याचं. तू दहा प्रश्नांची दहा उत्तरं केलीस, ते उलटं आहे गं. प्रश्न कितीही निघतील, गोष्टी सहा-सात चांगल्या असल्या की पुरतात, कारण एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी सांगता येते. तुझ्याच गोष्टीचं बघ. मतभेद विचारला तर सुपरवायझरपासून सुरू कर आणि 50 केसेस एका वाक्यात गुंडाळ. माहिती वापरून निर्णय कसा घेतला विचारलं तर त्या 50 केसेसवर थांब, सुपरवायझर एका वाक्यात. सांगितलेल्या कामाच्या पलीकडे काय केलं विचारलं तर फोन घेणं आणि कारण शोधणं यातला फरक पुढे आण. चूक विचारली तर तो सीसीचा मेल. हो, तोच, ज्याची तुला लाज वाटते. चुकीच्या प्रश्नाला लोक "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे" असलं काहीतरी देतात आणि आम्ही मनातल्या मनात डोळे फिरवतो. तुझ्याकडे खरी चूक आहे, तिने दोन दिवस घालवले, आणि ती तू स्वतः जाऊन निस्तरलीस. फक्त त्यात पुढचं एक जोड, त्यानंतर दुसऱ्या टीमकडून काही हवं असेल तेव्हा तू काय वेगळं केलंस. तसा दुसरा प्रसंग खरंच असेल तरच हं, नाहीतर जेवढं आहे तेवढंच सांग.

एक मोठा कागद घे, एका बाजूला गोष्टींची नावं आणि वर प्रकार, मतभेद, चूक किंवा अपयश, कमी वेळ, अधिकार नसताना काम, कुणाला तरी शिकवणं किंवा सांभाळणं, अर्धवट माहितीवर निर्णय, आणि कुठली गोष्ट कुठे चालते तिथे खुणा कर. ज्या प्रकाराखाली एकही खूण नाही तिथे शोधायला लाग. तुझ्या बाबतीत मला वाटतं "शिकवणं-सांभाळणं" रिकामं निघेल, आणि टीम लीडला तेच नक्की विचारणार, तर नवीन आलेल्यांपैकी कुणाला तू शिकवलंस, कुणाचं काम बिघडलं तेव्हा तू काय बोललीस, ते आधी उकर. आणि एकाच कंपनीत तीन-चार राउंड असतील तर सगळीकडे रिफंड-रिफंड करू नकोस, पॅनलवाले नंतर एकत्र बसून नोट्स बघतात आणि चौघांकडे एकच गोष्ट निघाली की चार वर्षांत हिने एकच काम केलं का असं होतं.

एवढं करूनही एखादा प्रश्न असा येईल की कागदावर काहीच नाही. घाई नको, "जरा विचार करते" म्हणून दहा-पंधरा सेकंद गप्प बस, कुणी काही म्हणत नाही. नसेलच प्रसंग तर "असं नेमकं घडलं नाही, पण याच्या जवळचं एक आहे, सांगू का" असं विचार, बहुतेक जण हो म्हणतात. तिथल्या तिथे गोष्ट रचायला जाऊ नकोस, तिसऱ्या "का"ला ती फाटते. आणि प्रश्न नीट ऐक, "असं झालं तर काय कराल" आणि "असं झालं तेव्हा काय केलंत" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला जुनी गोष्ट सांगत बसू नकोस, आधी काय करशील ते सांग आणि मग हवं तर "असंच एकदा केलं होतं" म्हणून गोष्ट जोड. "स्वतःबद्दल सांगा" याला तर ही चार अक्षरं लावूच नकोस, तिथे फक्त काय काम करतेस आणि इथे का आलीस.

बाकीच्या नऊ गोष्टींपैकी "शिकवण्या"ची सापडली की मला पाठव, पण कच्ची पाठव, चार अक्षरांत बसवून नको. आधी कोण काय म्हणालं ते लिही.